जाकिटाचं अस्तर : आधी मुंढे, मग बाजू

कोटाचं अस्तर मुंढ्यापाशी दिसत नाही, कारण तिथून पुढे बाही सुरू होते आणि सगळ्या शिवणी तिच्या आत जातात. जाकिटाला ही सोय नाही. गळा, दोन्ही मुंढे, बटणाच्या दोन कडा आणि खालचा घेर असं सगळं उघड्यावर असतं. हात वर केला की मुंढ्याची आतली बाजू दिसते, बटणं सोडली की पुढच्या कडेची. त्यामुळे जाकिटाचं अस्तर शर्ट आणि कापड यांच्यामधला थर असतंच, शिवाय प्रत्येक कडेचं फिनिशिंगही तेच करतं. कापड आणि अस्तर सुलट बाजू आत ठेवून कडेने जोडायचे आणि मग पलटवायचे, की माया आत जाते आणि एकही सुटा धागा बाहेर राहत नाही. वेगळा गोट लागत नाही, पट्टी लागत नाही.

उशीचा अभ्रा असाच शिवतात. दोन तुकडे, चारी बाजूंनी टीप, हाताएवढी फट आणि त्यातून पलटी. जाकिटाच्या बाबतीत मात्र हा हिशोब तसाच चालवला तर काम अडतं. अभ्र्याला एकच बाहेरची कड असते, जाकिटाला मुंढ्यांची दोन भोकंही असतात. खांदे आणि बाजू दोन्ही आधी शिवून टाकले, तर मुंढा गोल बंद होतो. अस्तराचं जाकीट आणि कापडाचं जाकीट एकमेकांत घालून गळा जोडता येतो, पण नंतर मुंढे सुलट बाजू आत घेऊन पूर्ण फिरवायला गेलं की कापड खांद्यापाशी पिळतं आणि मशीनखाली सपाट बसतच नाही. कितीही मोठी फट ठेवली तरी उपयोग होत नाही, कारण अडचण फटीची नाही, क्रमाची आहे.

म्हणून नियम असा : गळा आणि दोन्ही मुंढे जोडून होईपर्यंत खांदे किंवा बाजू, दोहोंपैकी एक जोडी उघडी राहिली पाहिजे. मोठ्या माणसाच्या जाकिटाला बाजू उघड्या ठेवणं सोयीचं. खांद्याची शिवण डोळ्यांसमोर असते, ती मशीनवर आधीच नीट शिवून इस्त्री झालेली बरी. बाजूच्या शिवणीचा अस्तराकडचा भाग मात्र काखेखाली, आत लपलेला असतो. पलटवण्याची फट ठेवायला त्याहून चांगली जागा नाही.

एक जाकीट घेऊन सगळा क्रम पाहू. छाती 38 इंच, उंची 24 इंच, इंग्रजी व्ही आकाराचा गळा, पुढे चार बटणं, खाली दोन टोकं, कॉलर नाही. बाहेरून सुटिंगचं कापड, पुढून आणि पाठीला तेच. 58 इंच पन्हा असेल तर पाऊण मीटरमध्ये दोन्ही पुढचे भाग आणि पाठ शेजारी शेजारी बसतात. अस्तर 44 इंच पन्ह्याचं असेल तर दीड मीटर घ्यावं. अस्तर सुती घ्यायचं असेल तर बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायला हवं. तसं केलं नाही तर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, बाहेरचं कापड आटत नाही, आणि जाकिटाच्या कडा आत ओढल्या जाऊन वळतात. सॅटिनचं अस्तर शर्टावरून सहज घसरतं, पण मशीनखालीही तितकंच घसरतं. त्याला टाचण्यांवर न सोडता कच्चा टाका घालावा.

बाजूंना आणि खांद्यांना अर्धा इंच माया, गळा, पुढची कड, मुंढे आणि घेर यांना पाव इंचाहून किंचित जास्त. टक्स, खिसे, बटणाच्या कडेचं फ्युजिंग ही सगळी कामं सुट्या भागांवर आधी उरकायची. बटणं आणि काजं मात्र अगदी शेवटी, कारण पलटवताना पुढचा भाग गुंडाळी होऊन अरुंद जागेतून जाणार आहे आणि बटण तिथे अडकेल.

अस्तर बाहेरच्या कापडाच्याच मापावर बेततात, पण त्यात दोन फरक करायचे. पहिला फरक पाठीत. अस्तराची पाठ घडीवर बेतताना मधोमध अर्धा इंच जास्त घ्यायची, म्हणजे उघडल्यावर एक इंच वाढतो. तो गळ्यापाशी आणि घेरापाशी चुणी घालून कच्च्या टाक्याने धरून ठेवायचा. माणूस पुढे वाकला की पाठ ताणली जाते. बाहेरचं सुटिंग थोडं मान देतं, घट्ट विणीचं अस्तर देत नाही. चुणी नसेल तर तो ताण थेट मुंढ्याच्या शिवणीवर येतो.

दुसरा फरक कडांचा. गळा, पुढची कड, मुंढे आणि घेर इथे अस्तर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कापून कमी करायचं. खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणीला हात लावायचा नाही. शिवताना मात्र दोन्ही कडा तंतोतंत जुळवूनच शिवायच्या. अस्तर थोडं लहान असल्यामुळे पलटवल्यावर ते बाहेरच्या कापडाला आपल्याकडे ओढून घेतं आणि शिवण कडेवर न थांबता आतल्या बाजूला सरकते. तयार जाकिटाच्या मुंढ्यातून अस्तराची चकचकीत रेघ डोकावते, ती बहुतेक वेळा ही एक सूत कापणी राहिल्यामुळे.

आता शिवण. कापडाचे खांदे जोडायचे, अस्तराचे खांदे वेगळे जोडायचे, दोन्हीकडची माया उघडून इस्त्री करायची. मग कापड टेबलावर सुलट पसरायचं आणि त्यावर अस्तर उलट, म्हणजे दोघांच्या सुलट बाजू समोरासमोर येतात. खांद्याच्या शिवणी एकमेकींवर आधी टाचायच्या, मग मानेचा मध्य, मग बाकीचं. पहिली टीप पुढच्या भागाच्या खालच्या कडेवरून सुरू होते, पण बाजूच्या शिवणीपासून दोन इंच अलीकडून. तिथून टोकापर्यंत, टोकावर वळून बटणाच्या कडेने वर, गळ्याभोवती फिरून दुसऱ्या कडेने खाली, आणि दुसऱ्या बाजूलाही तसंच दोन इंच आधी थांबायचं. हे सोडलेले दोन इंच नंतर पाठीचा घेर शिवताना कामी येतात. टोकांपाशी टाका बारीक करायचा, कारण तिथली माया तिरकी कापून अगदी कमी करावी लागते आणि मोठा टाका तिथे उसवतो.

गळा झाला की लगेच मुंढ्यांकडे वळायचा मोह होतो, पण इथेच थांबून एक काम उरकावं. मानेमागच्या गोलाईत दर अर्ध्या इंचावर मायेला कट द्यायचे, गळ्याची सगळी माया अस्तराकडे वळवायची आणि अस्तराच्या सुलट बाजूने, शिवणीपासून एक धार सोडून, अस्तर आणि माया एवढ्यावरच टीप मारायची. बाहेरच्या कापडाला ही टीप लागत नाही, त्यामुळे ती बाहेरून दिसत नाही, पण अस्तर कायमचं आत धरून ठेवते. मुंढे शिवून झाले की गळ्यापाशी मशीनचा पाय असा मोकळा फिरत नाही. खालच्या टोकांपाशी पोहोचण्याआधी दोनेक इंच ही टीप सोडून द्यायची.

मग कापड आणि अस्तर पुन्हा सुलट बाजू आत घेऊन दोन्ही मुंढे शिवायचे. बाजूच्या कडेपासून खांद्यावरून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत एकच सलग टीप. मुंढ्याचा खालचा वळसा सगळ्यात खोल असतो. तिथे टाका बारीक घ्यायचा आणि नंतर कट जवळजवळ द्यायचे, अर्ध्या इंचाहूनही कमी अंतरावर. कट टिपेपासून दोन धागे अलीकडे थांबला पाहिजे. लांब थांबला तर पलटवल्यावर मुंढा चुण्या घेतो, टिपेला लागला तर पहिल्या ताणात तिथेच भोक पडतं. कट का लागतात हे मुंढ्यावर फार स्पष्ट दिसतं. मायेची कड शिवणीच्या रेषेपेक्षा आखूड असते, पलटल्यावर तिला मोठ्या वळणावर बसायचं असतं, आणि कट उघडल्याशिवाय तिची लांबी पुरत नाही. याच वेळी अस्तराची माया कापून निम्मी करायची, म्हणजे दोन मायांच्या कडा एकावर एक येत नाहीत आणि बाहेरून वळ उमटत नाही.

या टप्प्यावर हातात विचित्र दिसणारी वस्तू असते. सगळं उलटं, गळा आणि मुंढे बंद, दोन्ही बाजू आणि पाठीचा घेर उघडा. खांदा आता दोन्हीकडून शिवला गेल्यामुळे कापड आणि अस्तर मिळून एक चपटी नळी झाली आहे, साधारण साडेतीन इंच रुंद. या नळीतूनच पुढचा भाग बाहेर येणार आहे.

पाठीच्या घेराकडून हात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये घालायचा, पाठीतून वर सरकवत खांद्याच्या नळीत न्यायचा. बोटं पलीकडे पुढच्या भागात निघतात. त्याच बाजूच्या पुढच्या भागाचं खालचं टोक त्या बोटांनी धरायचं. दुसऱ्या हाताने तो भाग लांबीत सैल गुंडाळून नळीच्या तोंडाशी आणायचा आणि आतला हात हळूहळू मागे घ्यायचा. ओढताना टोक सोडायचं नाही, पण झटकाही द्यायचा नाही. खांद्यापाशी अडलं तर नळीचं कापड गुंडाळीवरून मागे सारायचं, गुंडाळी पुढे ढकलायची नाही. पुढचा भाग पाठीच्या घेरातून सुलटा होऊन बाहेर येतो. दुसरा खांदाही तसाच. दोन्ही पुढचे भाग निघाले की पाठ आपोआप पलटते, आणि एवढा वेळ न कळणारा आकार एकदम जाकिटासारखा दिसायला लागतो.

टोकं बाहेर काढायला कात्री वापरू नये, तिचं टोक शिवणीतून आरपार जातं. विणकामाची बोथट सुई पुरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे पलटवण्याआधीच टोकाची माया दोन्हीकडून घडी घालून अंगठ्याने दाबून धरायची आणि तशीच पलटवायची. घडी आत बसलेली असली की टोक कोरून काढावं लागत नाही. मग इस्त्री, नेहमी अस्तराच्या बाजूने. शिवण बोटांमध्ये चोळून बाहेरच्या कापडाचा केसभर भाग अस्तराकडे आणायचा आणि तशीच दाबायची. अस्तर सॅटिनचं किंवा पॉलिएस्टरचं असेल तर इस्त्री मंद आणि मध्ये ओलसर सुती फडकं.

बाजू अजून उघड्या आहेत, तेवढ्यात मुंढ्यालाही गळ्यासारखी धरून ठेवणारी टीप देता येते, पण फक्त काखेकडून वर जितकं मशीनखाली जाईल तितकी. खांद्यापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचायची गरजही नाही, अस्तर डोकावतं ते मुख्यतः काखेच्या वळशातच.

आता बाजू. जाकिटाचा नीटनेटकेपणा ठरवणारी जागा इथे आहे. पुढचा भाग आणि पाठ यांच्या कापडाच्या कडा सुलट बाजू आत घेऊन जुळवायच्या, अस्तराच्या कडा तशाच जुळवायच्या, आणि कापड संपून अस्तर सुरू होतं तिथे मुंढ्याच्या दोन शिवणी समोरासमोर येतात. त्या अगदी एकीवर एक बसल्या पाहिजेत. सूतभर जरी सरकल्या तरी काखेखाली पायरी दिसते, आणि ती कितीही इस्त्री केली तरी जात नाही. म्हणून टीप घेरापासून सुरू न करता आधी या फुलीवरच मारायची. दोन्हीकडची माया उघडी करून फुलीतून टाचणी आरपार घालायची, ती दोन्ही शिवणींतून बाहेर येते का पाहायचं, मग फुलीच्या दोन्ही बाजूंना एक-एक इंच शिवून उलगडून बघायचं. जुळलं असेल तर पूर्ण टीप, नसेल तर दोनच इंच उसवावं लागतं.

उजवी बाजू कापडाच्या घेरापासून मुंढ्याच्या फुलीवरून अस्तराच्या घेरापर्यंत सलग शिवायची. डाव्या बाजूला कापडाची शिवण पूर्ण, फुली ओलांडून अस्तरात अडीचेक इंच आत, तिथे टाका मागे-पुढे करून पक्का करायचा. मग पाच इंच सोडायचे आणि पुन्हा पक्क्या टाक्याने सुरू करून घेरापर्यंत जायचं. हीच फट. काखेखालची शिवण दहा-अकरा इंच असते, त्यामुळे फट बरोबर मधे येते. ती मुंढ्याच्या किंवा घेराच्या फार जवळ नेली तर पुढे ओढताना तिथली टीप सुटते. घेर उघडा आहे तोवरच खालून हात घालून दोन्ही बाजूंच्या शिवणी उघडून इस्त्री करून घ्यायच्या. फटीच्या न शिवलेल्या कडाही शिवणीच्या रेषेवर दुमडून दाबायच्या. शेवटी त्या बंद करताना हीच घडी सरळ रेषा दाखवते.

राहिला पाठीचा घेर. फटीतून हात आत घालायचा, घेरापर्यंत न्यायचा, कापडाची आणि अस्तराची घेराची माया चिमटीत एकत्र धरायची आणि फटीतून बाहेर ओढायची. पाठीचा खालचा भाग उलटा होऊन बाहेर येतो आणि दोन्ही थरांच्या सुलट बाजू आपोआप आत असतात. ओढण्याआधी घेराच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंच्या शिवणींवर एक-एक टाचणी लावून ठेवली तर थर पिळलेले नाहीत याची खात्री राहते. पुढच्या भागाला सोडलेल्या दोन इंचांपासून पलीकडच्या दोन इंचांपर्यंत टीप मारायची, माया छाटायची आणि सगळं फटीतून परत आत लोटायचं. पाच इंच याला पुरतात, कारण अख्खं जाकीट पलटवायचं नसतं, ते खांद्यांतून आधीच पलटलं आहे. पाठीची घडी तेवढी ये-जा करते.

फट हाताने बंद करायची. दोन घड्या एकमेकींशी टेकवून, सुई एकदा या घडीच्या आतून, एकदा त्या घडीच्या आतून नेत, दर चार-पाच टाक्यांनी दोरा हलकेच ओढायचा, की टाके दिसेनासे होतात. मग पाठीच्या चुणीचे कच्चे टाके काढायचे, काजं करायची, बटणं लावायची.

तयार जाकीट हँगरला लावून पाहिलं की दोष स्वतःहून दिसतात. घेर वर ओढला जात असेल तर अस्तर लांबीला आखूड आहे. पुढची कड आत वळण्याऐवजी बाहेर उलटत असेल तर अस्तर त्या कडेला मोठं राहिलं आहे. मुंढ्यात बारीक चुण्या असतील तर कट कमी पडले आहेत. हा शेवटचा दोष दुरुस्त करता येतो. फटीचे हाताचे टाके कापायचे, आतून मुंढ्यापर्यंत पोहोचायचं, राहिलेले कट द्यायचे.

या क्रमाची मर्यादाही लक्षात ठेवावी. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या जाकिटाचा खांदा शिवून दीड-दोन इंचच उरतो. पातळ कापड त्यातून निघतं, जाड लोकरीचं किंवा कापूस भरून टाके घातलेलं कापड निघत नाही, आणि जोर केला तर खांद्याची शिवण उसवते. तिथे उलटा क्रम धरावा. आधी बाजू शिवायच्या, अस्तराच्या एका बाजूला तशीच फट ठेवायची, खांदे उघडे ठेवायचे. गळा आणि मुंढे खांद्याच्या शिवणीच्या रेषेपासून पाऊण इंच आधी थांबवायचे, घेर पूर्ण शिवायचा आणि फटीतून सगळं जाकीट पलटवायचं. मग खांद्याचं कापड मशीनने जोडायचं, वरचं अस्तर हाताने. खांदा थोडा कमी सफाईदार होतो, पण मूल वाढल्यावर तो उसवून अर्धा-पाऊण इंच सोडायचा असेल तर आतल्या मायेपर्यंत पोहोचायला हीच रचना सोपी पडते. म्हणून लहान मुलांच्या जाकिटाच्या खांद्याला बेततानाच एक इंच माया ठेवावी.